कोल्हापुरात एकटे राहताय आणि ड्युटी १२ तासाची? दुपारचा डबा लावा, रात्री एक कुकर लावा

मी मूळचा परभणीकडचा, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून कोल्हापुरात आलो आणि राजारामपुरीत रूम घेतली. सकाळी साडेसातला निघायचं आणि रूमवर यायला रात्रीचे साडेआठ, कधी ओव्हरटाइम लागला तर दहा. पहिले तीन महिने दोन्ही वेळचा डबा लावला. मग वैतागून सगळं घरीच करायचं म्हणून तवा, पोळपाट, लाटणं, कढया असं सगळं घेऊन आलो आणि बाराव्या दिवशी ते सगळं कॉटखाली गेलं. शेवटी जे जमलं ते दोन्हीच्या मधलं, ते आता अडीच वर्ष चालू आहे. नवीन येणारी पोरं कायम विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

थोडक्यात सिस्टीम अशी की दुपारचं जेवण डब्याचं, रात्री घरी फक्त एक कुकर, त्यात आमटी आणि भात एकदमच, आणि भाकरी विकत. आता एकेक बघू.

१. आधी तुम्ही खरंच किती डबे खाता ते मोजा

हे कोणीच करत नाही. माझा दोन वेळचा डबा महिन्याला ३६०० ला होता, म्हणजे ६० डबे, एक पडला ६० रुपयाला. एका महिन्यात मी मोबाइलमध्ये टिक करत गेलो तर खाल्लेले डबे निघाले ४३. बाकीचे १७ गेले कुठं तर ओव्हरटाइमला कंपनीत वडापाव, शनिवारी मित्राबरोबर बाहेर, दोनदा गावाकडं, आणि रविवारी रात्री तर खानावळच बंद. म्हणजे ६० चा डबा मला ८४ ला पडला. आणि वाया गेलेल्या १७ पैकी १३ रात्रीचे होते.

तिथंच कळलं की दुपारचा डबा आपण जवळजवळ रोज खातो कारण त्या वेळेला आपण एका जागी असतो, वेळ ठरलेली असते. रात्रीचं काहीच ठरलेलं नसतं. म्हणून दोन आठवडे फक्त मोजा, मग ठरवा. तुमची नाईट शिफ्ट असेल तर हेच उलटं होईल.

एक लक्षात घ्या, एका वेळचा डबा दोन वेळच्या निम्म्यात मिळत नाही. मला एका वेळचे २००० पडले. तरी परवडतं, हिशोब शेवटाकडं देतो.

२. डबा लावताना काय विचारायचं

चव कशी आहे हे पहिल्या दिवशी कळत नाही, पहिल्या दिवशी सगळेच चांगला देतात. तीन दिवस ट्रायल घ्या आणि त्यातला एक दिवस सोमवार किंवा मंगळवार असू द्या, बुधवारी-रविवारी नॉनव्हेजमुळं काकू जोरात असतात.

पहिला प्रश्न खाड्याचा. खाडा म्हणजे तुम्ही डबा घेतला नाही तो दिवस. खाडा धरतात का, किती तास आधी सांगायचा, आणि एकट्या दिवसाचा धरतात की सलग तीन दिवस असले तरच? बऱ्याच ठिकाणी "खाडा धरतो की" एवढंच सांगतात आणि महिनाअखेरीला कळतं की सलग तीन झाले तरच धरतात, माझे सात खाडे असेच गेले. सांगताना फोन करू नका, मेसेजच टाका, म्हणजे तारखेसकट राहतो.

दुसरा प्रश्न डबा भरतात किती वाजता. पोचतो किती वाजता हे सगळे विचारतात पण भरायची वेळ जास्त महत्त्वाची. एमआयडीसीत दुपारी एकला पोचणारा डबा साडेदहाला भरलेला असू शकतो, कारण पोचवणारा एका गाडीवर ३०-४० डबे घेऊन फिरतो आणि तुमचा नंबर शेवटचा असतो. उन्हाळ्यात अडीच तास बंद डब्यात, गाडीच्या पिशवीत, म्हणजे भाजीची काय हालत होते ते पुढं सांगतो.

तिसरं म्हणजे जाऊन किचन बघा. सरळ म्हणायचं "काकू डबा लावायचाय, एकदा येऊन जातो". एफएसएसएआयचा १४ आकडी नोंदणी नंबर असेल तर चांगलंच, पण घरगुती डबेवाल्यांपैकी कितीजण तो दाखवतील सांगता येत नाही, म्हणून मी दोन गोष्टी बघतो. परत आलेले डबे कुठं आणि कसे धुतात, आणि झाकणाची रबरी रिंग काढून धुतात का. त्या रिंगेत कालची आमटी अडकून राहिली की आजचं ताजं जेवणसुद्धा वास मारतं. डबा माझा स्वतःचा आहे, दोन सेट, एक त्यांच्याकडं एक माझ्याकडं, रिंग मी स्वतः घासतो.

आणि भाषेची एक गंमत. आमच्याकडची सवय म्हणून मी पहिल्या दिवशी "चार पोळ्या द्या" म्हणालो तर काकू म्हणाल्या "आज कुठला सण आहे रं?" इथं रोजची ती चपाती, पोळी म्हणजे पुरणाची. आणि चटणी म्हटलं की शेंगदाण्याची नव्हे, लाल कांदा-लसूण चटणी, जी भाजीत मसाला म्हणून पडते. भाजी-आमटी काहीही असो, भाकरीबरोबर जे खायचं त्याला कोरड्यास म्हणतात, आणि ते पातळसुद्धा असतं, डोकं लावू नका. तिखट झेपत नसेल तर पहिल्याच दिवशी "चटणी कमी" असं सांगा, लाजू नका, मी लाजलो आणि पंधरा दिवस ॲसिडिटीची गोळी खाल्ली.

३. रात्रीसाठी लागणारं सामान

मी जे सगळं घेऊन बसलो होतो ते घेऊ नका. एवढंच पुरतं:

- ५ लिटरचा कुकर, आत बसणारा एक स्टीलचा डबा आणि खालची जाळी किंवा स्टँड
- एक छोटी कढई, एक पातेलं
- सुरी, चॉपिंग बोर्ड, पळी, झारा, एक वाटी (मापाची, कायम तीच)
- मिसळणाचा डबा, म्हणजे मोहरी, जिरं, हळद आणि हिंग
- कांदा-लसूण चटणी अर्धा किलो

कुकर ३ लिटरचा स्वस्त पडतो म्हणून पोरं तो घेतात, पण खाली आमटी आणि वर भाताचा डबा ठेवला की झाकणच लागत नाही. दुकानातच डबा आत घालून झाकण लावून बघा, दुकानदार काही म्हणत नाही.

गॅस की इंडक्शन हे घरमालकावर आहे, रूम घेतानाच विचारा. इंडक्शन घेणार असाल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर चालत नाही, इंडक्शन बेसचा लागतो. जुना कुकर असेल तर बुडाला चुंबक लावून बघा, चिकटला तर चालणार. दुसरं म्हणजे २००० वॉटची शेगडी मोबाइल चार्जरच्या छोट्या सॉकेटला लावू नका, तिला १६ अँपिअरचा मोठा पॉइंट लागतो. माझ्या पहिल्या रूममध्ये तो नव्हता, पिन काळी पडली आणि प्लास्टिक जळल्याचा वास यायला लागला तेव्हा कळलं. मोठा पॉइंट नसेल तर मालकाला सांगून बसवून घ्या नाहीतर गॅसच बघा.

गॅससाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर एकट्याला बरा पडतो. तो गॅस एजन्सीत फक्त ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत, भाडेकरार अजून झाला नसेल तरी अडत नाही. मोठ्या घरगुती कनेक्शनला आधार, भाडेकरार किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा, बँक पासबुक आणि फोटो तयार ठेवा. छोटा सिलिंडर किलोमागे महाग पडतो हे खरं, पण रोज एक कुकर आणि दोन चहा धरून मला साधारण दीड महिना जातो. फक्त तो कंपनीचा सीलबंदच घ्या. गल्लीत कुठंतरी मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत गॅस भरून देणारे असतात, स्वस्त देतात, तिकडं फिरकू नका. तो प्रकार बेकायदा आहे आणि त्या टाकीचा व्हॉल्व कधी तपासलेला असतो देव जाणे.

४. चटणीचं काम समजून घ्या, मग स्वयंपाक सोपा आहे

मी आधी काय करायचो तर मोबाइलवर रेसिपी बघून रोज कांदा भाज, खोबरं भाज, वाटण कर, मिक्सर धू. रात्री नऊला हे कोण करणार. मग डब्याच्या काकूंनीच एक दिवस सांगितलं की अरे चटणीत आधीच कांदा आहे, लसूण आहे, खोबरं आहे, तीळ आहेत, खडा मसाला आहे, सगळं तळून-भाजून कुटलेलं. म्हणजे वाटणाचं अर्धं काम ती चटणी आधीच करून ठेवते, तू नुसती फोडणीत टाक. इथल्या घरांत उन्हाळ्यात वर्षाची मिरची घेतात, काळपट लाल रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, आणि मसाला घालून डंकावर कुटून आणतात. तुमच्या ओळखीत कोणाकडं होत असेल तर त्यातलीच अर्धा किलो मागून घ्या, पैसे देऊन, दुकानातल्यापेक्षा चांगली असते.

दोन गोष्टी सांभाळा. एक, बरणीत ओला चमचा घालायचा नाही, पाणी गेलं की आठवड्यात वर पांढरी बुरशी दिसते आणि मग सगळी बरणी फेकायची, वरचा थर काढून खायची नाही. दुसरं, कडक तापलेल्या तेलात चटणी टाकली की पाच सेकंदात जळते, काळी होते, आमटी कडू लागते आणि खोकून खोकून शेजारचे दार वाजवतात. गॅस बारीक करून टाकायची आणि लगेच पाणी किंवा टोमॅटो.

५. एक रात्र, घड्याळ लावून

माझी नेहमीची रात्र म्हणजे अख्खा मसूर आणि भात. मसूर का, तर तो हरभऱ्यासारखा रात्रभर भिजत घालायला लागत नाही. सकाळी विसरलो तरी चालतं, हेच त्याचं मोठेपण.

८.३५ ला रूमवर आल्या आल्या अर्धी वाटी मसूर आणि अर्धी वाटी तांदूळ वेगवेगळे धुऊन पाण्यात ठेवायचे. कांदा, टोमॅटो, चार लसूण पाकळ्या चिरायच्या. ८.४५ ला कुकरमध्येच दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, लसूण, कांदा. कांदा कडेनं लालसर झाला की गॅस बारीक, हळद, दीड चमचा चटणी, लगेच टोमॅटो आणि मीठ. टोमॅटो मऊ झाला की मसूर आणि दोन वाट्या पाणी. आता इथं एक काम न विसरता करायचं, पळीनं बूड खरवडून घ्यायचं. तळाला चिकटलेला मसाला तसाच ठेवून झाकण लावलं की तोच पहिल्यांदा जळतो आणि सगळ्या आमटीला करपट वास लागतो, मी असे चारदा तरी उपाशी झोपलोय.

मग स्टँड, त्यावर भाताचा डबा, त्यात तांदळाच्या दुप्पट म्हणजे एक वाटी पाणी. इंद्रायणी किंवा आजरा घनसाळ असेल तर पाणी थोडं कमी, नाहीतर गोळा होतो. झाकण लावायच्या आधी शिट्टीच्या भोकातून उजेड दिसतो का बघायचं. मध्यम आचेवर चार शिट्ट्या, मग पाच मिनिटं बारीक, आणि बंद. ९.०५ झाले. वाफ आपोआप जाईपर्यंत अंघोळ करून घ्यायची, शिट्टी उचलून वाफ काढायची घाई केली तर डाळीचं पाणी भिंतीवर येतं. ९.२० ला जेवायला बसतो. हाताचं काम एकूण पंधरा मिनिटं.

पाणी आणि डाळ मिळून कुकर निम्म्याच्या वर भरू नका. डाळीला फेस येतो आणि तो शिट्टीच्या भोकात अडकतो, तूरडाळीला तर जास्तच, तिच्यात थेंबभर तेल टाकलं की फेस कमी येतो. तूरडाळ करणार असाल तर चिंच, कोकम, टोमॅटो आधी घालू नका, आंबटानं डाळ शिजायला वेळ लागतो, झाकण उघडल्यावर घालून एक उकळी काढा. आणि शिट्टी होतच नाही, झाकणाच्या कडेनं नुसती वाफ फुसफुसते असं झालं तर रिंग सैल झालीय, नवीन घ्या, जुनी ताणून उलटी लावायचे प्रयोग करू नका.

आठवड्याचं माझं असं चालतं: दोन दिवस मसूर, एक दिवस तूरडाळीची आमटी, एक दिवस मुगाची खिचडी, एक दिवस पिठलं आणि भाकरी, एक दिवस अंडी. खिचडीला तर डबासुद्धा लागत नाही.

६. भाकरी-चपातीच्या नादाला लागू नका

हे माझं मत, पटलं तर घ्या. लाटणं, भाजणं, ओटा पुसणं यात पाऊण तास जातो आणि सुरुवातीचा महिनाभर नकाशेच होतात. नगावर भाकरी-चपाती देणाऱ्या बायका जवळपास प्रत्येक भागात आहेत, डबा देणाऱ्या काकूंनाच विचारा. मी ज्वारीच्या भाकरीच घेतो कारण चपाती पिशवीत गुंडाळून दोन तास राहिली की कातडं होते, भाकरी कडक झाली तरी आमटीत चुरून खाता येते. गरम भाकऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणू नका, पाणी सुटतं, कापडात बांधून आणा.

७. काय नासतं आणि कसं ओळखायचं

डब्यात सगळ्यात आधी जातं ते ओल्या खोबऱ्याच्या वाटणाचं आणि मोड आलेल्या उसळीचं कोरड्यास. झाकण उघडताना फस्स आवाज आला, वर बारीक फेस दिसला, किंवा पळी उचलल्यावर तार सुटली की खायचं नाही. आंबूस वास नेहमी येतोच असं नाही, तिखटात आणि टोमॅटोत तो लपतो, म्हणून आधी डोळ्यानं बघा. मार्च ते मे मी काकूंना सांगून ठेवतो की मला सुकी भाजीच द्या, ओल्या खोबऱ्याचं काही नको, आणि ताक त्यांच्याकडून घेत नाही.

भाताचं मात्र नीट वाचा. उरलेला भात आपण रात्रभर कुकरमध्येच ठेवतो आणि सकाळी फोडणी देतो, बरोबर? भातात असे जंतू असतात जे शिजवूनही बीजरूपात टिकतात, आणि भात कोमट राहिला की वाढून विष तयार करतात. ते विष परत गरम केल्यानं जात नाही, आणि भाताला वासही येत नाही. उलट्या मात्र काही तासांत सुरू होतात. फ्रिज असेल तर भात ताटात पसरून लवकर गार करा, तासाभरात आत ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. फ्रिज नसेल तर अर्धी वाटीच लावा आणि संपवा. आमटी उरली तर तीही बिनफ्रिजची सकाळपर्यंत ठेवू नका.

८. बाजार आणि हिशोब

कडधान्य, तांदूळ महिन्यातून एकदा लक्ष्मीपुरीतून, भाजी आठवड्यातून एकदा कपिलतीर्थ मार्केटला. जास्त भाजी घेऊ नका, एकट्याला कांदा एक किलो, टोमॅटो अर्धा किलो, मिरच्या-कोथिंबीर आणि एखादी भाजी बास झाली. पहिल्या महिन्यात मी मेथीच्या तीन जुड्या घेतल्या होत्या, दोन कचऱ्यात.

माझ्या एका रात्रीचा खर्च मसूर, तांदूळ, कांदा-टोमॅटो, तेल, चटणी आणि गॅस मिळून ४० रुपयांच्या आसपास जातो, भाकऱ्या धरून ७०. महिन्यात साधारण २२ रात्री मी घरी जेवतो, म्हणजे १५४०, त्यात दुपारच्या डब्याचे २०००, एकूण ३५४०. आधीच्या ३६०० पेक्षा फक्त ६० रुपये कमी, हे बघून एक मित्र हसला होता. पण ३६०० भरून मी ४३ वेळा जेवत होतो आणि बाहेर खाल्ल्याचे वेगळे जात होते. आता २६ दुपार आणि २२ रात्री मिळून ४८, ज्या रात्री ओव्हरटाइम असतो त्या रात्री कुकर लावत नाही आणि त्याचे पैसेही जात नाहीत.

रविवारी दुपारी काकूंचं मटण असतं, तांबड्या-पांढऱ्यासकट, तो डबा मी एमआयडीसीच्या डब्यातून वेगळा लावलाय. रात्री खानावळी बंद, पोट भरलेलं, तेव्हा दोन अंडी आणि सकाळची उरलेली भाकरी. सोमवारचा मसूर मात्र रविवारी झोपताना मोजून वाटीत काढून ठेवतो, नाहीतर सोमवारी रात्री पाय आपोआप कोपऱ्यावरच्या भज्याच्या गाड्याकडं वळतात.